सोलापूरच्या कारखानदाराला पहिले चौकशीपत्र

ज्या पुरवठादाराशी आधी कधी व्यवहार झालेला नाही, त्याला लिहायच्या पहिल्या पत्रात मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या असतात. त्याच्याकडे कोणकोणता माल आहे, त्यातला कमीत कमी किती घ्यावा लागतो आणि घेण्यापूर्वी नमुना पाहायला मिळतो का. व्यापारी पत्रव्यवहारात याला चौकशीपत्र म्हणतात. ते पाठवल्याने खरेदीचे बंधन येत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार जुळायला एका बाजूने प्रस्ताव आणि दुसऱ्या बाजूने त्याचा स्वीकार लागतो. चौकशी ही प्रस्तावाच्याही आधीची पायरी आहे. उत्तरादाखल आलेले दरपत्रकसुद्धा सामान्यतः प्रस्ताव धरले जात नाही, ते ऑर्डर देण्याचे आमंत्रण असते. त्यामुळे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती एवढीच की, पत्र वाचणाऱ्याला उलट काही न विचारता एका बैठकीत उत्तर देता यावे.

हे कसे साधते, ते एका ठरावीक खरेदीवरून नीट समजते. गुहागर तालुक्यात, समुद्राजवळ, पर्यटकांसाठी आठ खोल्यांचे एक घरगुती निवासस्थान आहे असे धरू. मालकीणबाई आतापर्यंत चिपळूणच्या दुकानातून लागतील तसे टॉवेल आणत आल्या. त्यामुळे प्रत्येक खोलीत वेगळ्या रंगाचा, वेगळ्या जाडीचा टॉवेल झाला आहे. आता सगळे एकसारखे हवेत आणि ते थेट सोलापूरच्या कारखान्यातून मागवायचे ठरले आहे. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टर्किश टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शहरात टॉवेल विणणारे यंत्रमागाचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे कुटुंबांचे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. अशा कारखान्यात विक्रीचा वेगळा विभाग सहसा नसतो. मालक स्वतः किंवा त्यांचा मुलगा सकाळी माग पाहतो, दुपारी रंगाईवाल्याशी बोलतो आणि मधल्या वेळात फोनवर आलेल्या चौकश्यांना उत्तरे देतो. पत्र लिहिताना हा वाचणारा माणूस डोळ्यांपुढे असला म्हणजे काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे बरेचसे आपोआप ठरते.

या माणसाकडे दिवसभरात येणाऱ्या चौकश्यांपैकी अनेक दोन शब्दांच्या असतात: “टॉवेलचा रेट?” किंवा “कॅटलॉग पाठवा.” ऑनलाइन व्यापारी पोर्टलवर टाकलेली एकच मागणी अनेक विक्रेत्यांकडे जाते, तेव्हा ती मनापासूनची आहे की नुसती चाचपणी, हे विक्रेत्याला कळायला मार्ग नसतो. टॉवेलचा एकच एक दर सांगता येत नाही. तो आकारावर, वजनावर, सुतावर, रंगावर आणि नगांच्या संख्येवर ठरतो. म्हणून अशा चौकशीला एकतर उत्तर मिळत नाही, किंवा मिळाले तर सर्वांना धाडतात तीच जुनी यादी मिळते. खरे गिऱ्हाईक वेगळे ओळखू येते ते त्याने दिलेल्या तपशिलावरून. विनयाचे शब्द त्यानंतर येतात. कितीही गोड भाषेत लिहिले आणि आकारच सांगितला नाही, तर पत्र वाचणाऱ्याचे काम वाढतेच.

तेव्हा पत्र लिहायला बसण्यापूर्वी स्वतःची गरज आकड्यांत मांडायला हवी. आठ खोल्या, प्रत्येकी दोन माणसे, म्हणजे एका वेळी सोळा टॉवेल वापरात. एक संच अंगावर, एक धुण्यात आणि एक कपाटात, असे तीन संच सर्वसाधारणपणे पुरतात. कोकणात पावसाळ्यात जाड टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून चौथा संच लागतोच. चार संचांचे चौसष्ट टॉवेल झाले. फाटणे, डाग पडणे यांसाठी आठ जादा धरले की बहात्तर, म्हणजे बरोबर सहा डझन. हात पुसायचे नॅपकिन प्रत्येक खोलीत एक. त्यांचेही चार संच केले की बत्तीस, आणि चार जादा धरून तीन डझन. टॉवेलचा व्यापार डझनांत चालतो, त्यामुळे मागणीही डझनांत मांडलेली बरी.

आकाराचा प्रश्न सोपा आहे. अंघोळीचा मोठा टॉवेल तीस बाय साठ इंचांचा चालतो. जाडीचे काय करायचे, इथे मात्र नवे गिऱ्हाईक अडखळते. ‘चांगला जाड’ असे लिहिले तर दहा कारखानदार दहा प्रकारचे टॉवेल डोळ्यांपुढे आणतील. कापडाची जाडी व्यापारात जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. तीस बाय साठ इंचांच्या टॉवेलचे क्षेत्रफळ साधारण १.१६ चौरस मीटर भरते. ४५० जीएसएमचा टॉवेल हवा असेल तर त्याचे वजन १.१६ गुणिले ४५०, म्हणजे सुमारे ५२० ग्रॅम, आणि डझनाचे सव्वासहा किलो. पत्रात जीएसएम आणि एका नगाचे वजन हे दोन्ही आकडे द्यावेत. काही कारखाने जीएसएमच्या भाषेत बोलतात, काही नगाच्या किंवा डझनाच्या वजनाच्या. शिवाय दोन्ही दिले की नंतर आलेला माल घरच्या वजनकाट्यावरसुद्धा तपासता येतो. कोणत्या जाडीचा टॉवेल हवा हेच ठरत नसेल, तर सध्या वापरात असलेल्या, पाहुण्यांना आवडणाऱ्या टॉवेलची लांबी-रुंदी मोजावी, तो कोरडा करून वजन करावे आणि याच हिशेबाने उलटा आकडा काढावा.

आता कमीत कमी ऑर्डरचा मुद्दा. व्यापारी याला ‘एमओक्यू’ किंवा नुसते ‘मिनिमम’ म्हणतात. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटते की, हा आकडा विक्रेत्याने आपल्या मर्जीने ठेवलेला असतो आणि थोडे आर्जव केले की तो खाली येतो. कारखान्यात तो कुठून येतो हे पाहिले की, काय विचारायचे ते स्पष्ट होते. टर्किश टॉवेलला दोन ताणे लागतात: एक खालच्या घट्ट विणीचा आणि दुसरा वर दिसणाऱ्या फासांचा. दोन्हींचे सूत वेगवेगळ्या बीमवर गुंडाळून मागावर चढवावे लागते. एकदा बीम चढला की त्यातून अनेक डझन टॉवेल निघतात. सहा डझनांसाठी वेगळा बीम भरणे कारखान्याला परवडत नाही. रंगाचेही तसेच आहे. सूत रंगवण्याच्या यंत्राला एक ठरलेले माप असते. त्यात थोडे सूत टाकले तरी पाणी, वाफ आणि नंतरची धुलाई जवळपास तेवढीच लागते. शिवाय दोन लॉटमधली रंगाची छटा तंतोतंत जुळेलच असे नाही, म्हणून एका ऑर्डरचे सगळे सूत एकाच लॉटमध्ये रंगवण्याकडे कल असतो. टॉवेलच्या काठात नाव किंवा चिन्ह विणून हवे असेल तर जॅकार्डसाठी नवे डिझाइन करावे लागते, आणि तो खर्च जितक्या नगांवर विभागेल तितका परवडतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. कमीत कमी ऑर्डरचा आकडा एक नसतो, तो तीन-चार असतात. गोदामात तयार पडलेल्या पांढऱ्या टॉवेलसाठी तो अगदी लहान असू शकतो, कारण तिथे विणण्याचा आणि रंगवण्याचा प्रश्नच नाही. फक्त गठ्ठा बांधायचा असतो. हव्या त्या रंगासाठी तो मोठा असतो, आणि विणलेल्या नावासाठी सर्वांत मोठा. ‘आपली मिनिमम ऑर्डर किती?’ असा मोघम प्रश्न केला, तर कारखानदार स्वतःच्या सोयीचा, बहुधा मोठा आकडा सांगतो आणि छोटे गिऱ्हाईक निराश होऊन माघारी जाते. तयार माल आणि बनवून घ्यायचा माल यांचे मिनिमम वेगवेगळे विचारले तर वाट सापडते. हा आकडा आकारागणिक आहे की सर्व आकार मिळून, रंगागणिक आहे की एकूण ऑर्डरवर, हेही त्याच ओघात विचारून घ्यावे. सहा डझन टॉवेल आणि तीन डझन नॅपकिन मिळून नऊ डझन धरले जाणार की नाही, यावर सगळे गणित फिरते.

नमुन्याच्या बाबतीत दोन प्रकार ध्यानात ठेवायला हवेत. एक म्हणजे कापडाचा छोटा तुकडा, ज्यावरून रंग आणि विणीचा अंदाज येतो. दुसरा म्हणजे पूर्ण आकाराचा तयार टॉवेल, जो धुऊन, वापरून पाहता येतो. निवासस्थानाला उपयोगी पडतो तो दुसरा, कारण टॉवेलचा खरा गुण धुतल्याशिवाय कळत नाही. पूर्ण टॉवेल फुकट मागणे योग्य नाही. नमुन्याची किंमत आणि कुरियरचा खर्च देण्याची तयारी पत्रातच दाखवावी. मोठी ऑर्डर दिल्यास नमुन्याची रक्कम त्यातून वळती करता येईल का, असे विचारायला हरकत नाही. अनेक व्यापारी तसे करतात. पैसे देण्याची ही तयारी पत्रातल्या कुठल्याही विनम्र शब्दापेक्षा जास्त बोलते, कारण फुकटचे नमुने गोळा करणाऱ्यांचा अनुभव प्रत्येक कारखानदाराने घेतलेला असतो. रंगीत किंवा नाव विणलेला नमुना पहिल्या पत्रात मागू नये. तो मुद्दाम बनवावा लागतो आणि त्याची वेळ ऑर्डरचे बोलणे पुढे सरकल्यावर येते.

हे सगळे ठरल्यावर पत्र छोटेच होते. गुहागरच्या मालकीणबाईंचे पत्र पुढीलप्रमाणे असू शकेल.

दि. १० जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(कारखान्याचे नाव व पत्ता)
सोलापूर

विषय: टर्किश टॉवेल व नॅपकिन यांचा कॅटलॉग, कमीत कमी ऑर्डर आणि नमुन्याबाबत चौकशी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यात (जि. रत्नागिरी) आमचे आठ खोल्यांचे पर्यटक निवासस्थान आहे. चिपळूण येथील एका कापड दुकानदारांकडून आपल्या कारखान्याची माहिती मिळाली. सर्व खोल्यांसाठी एकसारखे टॉवेल घ्यावयाचे आहेत, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमची सध्याची गरज अशी आहे:
अंघोळीचा टॉवेल, ३० × ६० इंच, पांढरा, सुमारे ४५० जीएसएम (एका नगाचे वजन अंदाजे ५२० ग्रॅम), शुद्ध सुती: ६ डझन.
नॅपकिन, १६ × २४ इंच, पांढरा, त्याच जाडीचा: ३ डझन.
माल मार्चअखेरपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल. पुढे दरवर्षी साधारण निम्मा माल बदलावा लागेल.

याबाबत पुढील माहिती कळवावी, ही विनंती:
१. आपला सध्याचा कॅटलॉग व दरपत्रक (जीएसटी व वाहतूक धरून की वगळून, ते नमूद करून).
२. तयार पांढऱ्या मालासाठी कमीत कमी ऑर्डर किती. तसेच फिकट निळा रंग करून घेतल्यास किती. ही मर्यादा प्रत्येक आकाराला वेगळी आहे की एकूण ऑर्डरवर?
३. वरील टॉवेलचा पूर्ण आकाराचा एक नमुना मिळू शकेल का. नमुन्याची किंमत व कुरियरचा खर्च आम्ही देऊ.

आपल्याकडे नेमके हे वजन नसल्यास जवळचे जे असेल ते सुचवावे.

कळावे,
आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाइल, ई-मेल, जीएसटी क्रमांक असल्यास)

या पत्रातली काही वाक्ये वरवर साधी असली तरी त्यांचा उपयोग मोठा आहे. माहिती कुठून मिळाली, हे एका ओळीत सांगितले की अनोळखीपणा कमी होतो आणि कारखानदाराला वाटले तर तो त्या दुकानदाराकडे चौकशीही करू शकतो. ओळख खरी असेल तरच लिहावी. तशी नसल्यास ‘आपली जाहिरात पाहिली’ किंवा ‘प्रदर्शनात आपला माल पाहिला’ एवढे जे घडले असेल ते पुरते. मार्चअखेरची मुदत दिल्याने कारखानदाराला तयार माल द्यायचा की विणून द्यायचा हे ठरवता येते. एप्रिल-मेच्या सुट्टीतल्या गर्दीआधी टॉवेल एकदा धुऊन हाताशी असावेत, हा तिच्यामागचा हेतू. दरवर्षी निम्मा माल लागेल, हे वाक्य छोट्या ऑर्डरला वजन देते. मात्र ते खरे असायला हवे. ‘पुढे मोठी ऑर्डर देऊ’ हे आश्वासन व्यापारात इतक्यांदा दिले जाते की, आकड्यावाचून त्याला काही किंमत उरलेली नाही. शेवटचे ‘जवळचे जे असेल ते सुचवावे’ हे वाक्य विसरू नये. कारखान्यात नेमका ४५० जीएसएम नसेल आणि ४८० चा तयार असेल, तर या एका ओळीमुळे ‘नाही’ असे उत्तर येण्याऐवजी पर्याय येतो.

दर मागितला आहे, पण घासाघीस केलेली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘शेवटचा भाव काय’, ‘दुसरीकडे यापेक्षा स्वस्त मिळते’ अशी भाषा पहिल्या पत्रात आली की समोरचा माणूस सावध होतो आणि भावाला जागा ठेवून आकडा सांगतो. नमुना पसंत पडल्यावर, नगांची संख्या नक्की झाल्यावर भावाचे बोलणे करावे. तेव्हा दोन्ही बाजूंना नेमक्या वस्तूबद्दल बोलता येते.

विनय क्रियापदांत ठेवला की तो पुरेसा होतो. ‘पाठवा’ ही ओळखीच्या माणसाला चालणारी आज्ञा आहे. अनोळखी व्यावसायिकाला ‘पाठवावा’, ‘कळवावे’, ‘मिळू शकेल का’ असे लिहिले की आदर राखला जातो आणि मागणीही स्पष्ट राहते. संबोधन सुरुवातीपासून अखेरपर्यंत ‘आपण’च असावे, मध्येच ‘तुमचा’ आला की पत्र घाईत लिहिल्यासारखे वाटते. याच्या उलट टोकाला जाऊन ‘तसदीबद्दल क्षमस्व’, ‘आपला अमूल्य वेळ घेत आहोत’ असे लिहिण्याचीही गरज नाही. माल विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची चौकशी येणे ही तसदी नव्हे. घरच्या पत्रातले ‘सा. न. वि. वि.’ व्यापारी पत्रात आजही दिसते आणि ते चुकीचे नाही, पण ‘सप्रेम नमस्कार’ एवढे सर्वांना कळते. सोलापूरच्या कापडधंद्यात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचा वाटा फार मोठा आहे. कारखान्यातल्या व्यवहारात मराठी, हिंदी, तेलुगू या तिन्ही भाषा चालतात. तेव्हा पत्र मराठीत लिहायला काहीच अडचण नाही. वाक्ये छोटी, आकडे ठळक आणि शब्द धंद्यात चालणारे असावेत एवढेच. ‘परिमाण’, ‘नमुनाप्रत’, ‘मूल्यसूची’ असे जडशीळ शब्द योजण्यापेक्षा साइज, सॅम्पल, रेट हे शब्द त्या वाचकाला जवळचे आहेत.

आता पत्र टपालाने क्वचितच जाते. ते ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. ई-मेल असेल तर विषयाच्या ओळीत वस्तू आणि संख्या दोन्ही याव्यात: ‘पांढरे टॉवेल ६ डझन, नॅपकिन ३ डझन: चौकशी’. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सहा तुकड्यांत निरोप पाठवू नये. आधी दोन ओळींत ओळख आणि गरज, आणि सोबत संपूर्ण पत्राची पीडीएफ, असे एकदमच पाठवावे. आवाजी निरोप टाळलेला बरा. आकडे ऐकून लिहून घेताना तीस-साठचे तीस-पन्नास होऊ शकते, आणि मागाच्या खडखडाटात उभा असलेला माणूस तो ऐकणार तरी कसा? फोन केला तर ‘शेठ’ किंवा ‘साहेब’ म्हणून बोलणे तिथल्या रीतीला धरून आहे. बोलणे झाल्यावर जे ठरले ते लगेच दोन ओळींत लिहून पाठवावे.

पत्र पाठवण्यापूर्वी पुरवठादार खरा आहे ना, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. सरकारी जीएसटी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की नोंदणीवरचे नाव, पत्त्याचा तपशील आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही पाहता येते. नमुन्याचे पैसे मागताना ज्या नावाचे बँक खाते दिले जाते, ते नाव नोंदणीवरच्या नावाशी जुळत नसेल तर आधी कारण विचारावे. कारखान्याच्या नावाने व्यापारी मध्यस्थ बोलत असण्याचीही शक्यता असते. मध्यस्थाकडून घेणे गैर नाही. लहान ऑर्डरला तोच कधी सोयीचा ठरतो, कारण तो अनेक गिऱ्हाइकांची मागणी एकत्र करून कारखान्याचे मिनिमम भरतो. फक्त बोलणे कोणाशी चालले आहे हे ठाऊक असावे.

समजा, चार दिवसांनी उत्तर आले. तयार पांढऱ्या मालाला आकारामागे पाच डझनांचे मिनिमम, रंगीत करून घ्यायचा तर एका रंगाला एका आकारात १०० किलो, आणि नमुना सशुल्क. हे आकडे वाचून पहिल्यांदा किलोचे डझनांत रूपांतर करावे. १०० किलोला ५२० ग्रॅमने भागले की सुमारे १९२ नग, म्हणजे सोळा डझन. गरज सहा डझनांची आहे, तेव्हा फिकट निळ्याचा विचार तूर्त संपला. पांढरे टॉवेल सहा डझन, म्हणजे मिनिममच्या वर. नॅपकिन मात्र तीनच डझन असल्याने अडतात. इथे दुसरे पत्र लिहायचे ते अर्जवजा नको, पर्याय मांडणारे हवे: नॅपकिन पाच डझन घेऊन त्यातले जादाचे पुढच्या वर्षासाठी ठेवणे, किंवा तीनच डझन घेतल्यास डझनामागे काही जादा दर आकारून देता येतील का, असे विचारणे, किंवा त्याच कारखान्याचा माल ठेवणाऱ्या चिपळूण-रत्नागिरीच्या दुकानाचे नाव मागणे. कारखानदार तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो, कारण विक्री त्याचीच होते. खोलीचे नाव टॉवेलवर हवेच असेल, तर ते विणून घेण्यापेक्षा स्थानिक भरतकामवाल्याकडून पांढऱ्या टॉवेलवर करून घेणे या संख्येला परवडते.

नमुना हाती आल्यावर त्याची परीक्षा घरीच होते. आधी कोरडा टॉवेल मोजावा आणि त्याचे वजन करून लिहून ठेवावे. वजन ५२० ग्रॅमच्या आसपास असावे. विणकामात थोडाफार फरक पडतोच, पण नमुनाच साडेचारशे ग्रॅम भरला तर ऑर्डरचा माल त्याहून जड येण्याची आशा धरू नये. मग टॉवेल नेहमीच्या साबणात, नेहमीच्या पद्धतीने पाच-सहा वेळा धुवावा. नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही म्हणून लगेच नाकारू नये. मऊ लागावा म्हणून त्यावर केलेली प्रक्रिया दोन-तीन धुण्यांत निघून जाते आणि मग तो पाणी ओढू लागतो. नंतर पुन्हा मोजमाप करावे. सुती टॉवेल आटतो, आणि लांबीला व रुंदीला सारखाच आटत नाही. साठ इंचांचा छप्पन झाला तर उंच पाहुण्याला तो अपुरा पडेल, म्हणून ऑर्डर देताना ‘धुतल्यानंतरचा आकार’ बोलून घ्यावा लागेल. सुरुवातीच्या एक-दोन धुण्यांत थोडा धागा सुटणे स्वाभाविक आहे. पाचव्या धुण्यालाही बादलीत तंतू तरंगत असतील, किंवा नखाने अलगद ओढल्यावर फास सरळ लांबच लांब निघून येत असतील, तर वीण सैल आहे असे समजावे. कडेची शिलाईही उसवते का ते पाहावे, कारण वारंवार धुण्यात टॉवेल बहुतेक वेळा तिथूनच फाटायला सुरुवात होते.

उत्तर आलेच नाही, तर आठवडाभर थांबून एक छोटे स्मरणपत्र पाठवावे. त्यात तक्रारीचा सूर नसावा: ‘दि. १० जानेवारीच्या पत्राबाबत आपले उत्तर मिळाल्यास नमुना मागवता येईल’, एवढे पुरे. सोबत मूळ पत्र पुन्हा जोडावे, म्हणजे त्याला शोधाशोध करावी लागत नाही. त्यानंतर एकदा फोन करावा. दिवाळीच्या आधीचे आणि लग्नसराईचे दिवस कारखान्यांत फार गर्दीचे असतात, तेव्हा छोट्या चौकश्या मागे पडतात. त्या दिवसांत उत्तराला उशीर झाला तर तो नकार समजू नये. दोन-तीन कारखान्यांना एकाच वेळी तेच पत्र लिहिणे पूर्णपणे योग्य आहे. फक्त प्रत्येकाला स्वतंत्र पत्र जावे. एकाच ई-मेलमध्ये तिघांचे पत्ते दिसले की तिघेही गप्प बसतात. तिघांकडून आलेली उत्तरे एकाच कागदावर रकाने पाडून मांडावीत: दर, कर आणि वाहतूक धरून पडणारी किंमत, मिनिमम, लागणारे दिवस, नमुन्याचे वजन धुण्याआधी आणि धुतल्यावर. वाहतूक पुष्कळदा ‘टू पे’ असते, म्हणजे भाडे माल सोडवून घेताना गिऱ्हाइकाने भरायचे. सोलापूरहून चिपळूणपर्यंतचे आणि तिथून गुहागरचे भाडे मिळवल्यावर स्वस्त दिसणारा दर कधी महाग ठरतो.

ज्याचा नमुना घेतला पण माल घ्यायचा नाही, त्याला तसे कळवणे हाही याच पत्रव्यवहाराचा भाग आहे. ‘नमुना मिळाला, दर्जा चांगला आहे, परंतु धुतल्यावर लांबी आमच्या गरजेपेक्षा कमी भरते, म्हणून सध्या ऑर्डर देत नाही’ असे खरे कारण लिहिले तर कारखानदाराला उपयोगाची माहिती मिळते आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडे पुन्हा जाता येते. ज्याचा माल घ्यायचा, त्याच्या नमुन्याचे दोन नग मागवून एकावर दोन्ही बाजूंच्या सह्या कराव्यात, तो न धुता जपून ठेवावा आणि ऑर्डरच्या पत्रात ‘माल मंजूर नमुन्याप्रमाणे, वजनात पाच टक्क्यांपर्यंत फरक मान्य’ असे लिहावे. गठ्ठे उघडल्यावर प्रत्येक डझनातला एखादा टॉवेल त्या नमुन्याशी ताडून पाहायचा असतो.